तक्त्यातली रिकामी घरं

२०२३ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पितृपक्ष चालू असल्यामुळे नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीत गर्दी नव्हती. बाबा गादीवर बसून सहामाहीचे आकडे बघत होते. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत जिऱ्याची विक्री ५ लाख ८२ हजार ४०० रुपये झाली होती. आदल्या वर्षी त्याच सहा महिन्यांत ती ४ लाख ६० हजार होती. "यंदा जिऱ्यानं हात दिला," बाबा म्हणाले. मीही मान डोलावली.

दोन तासांनी त्याच जिऱ्याचा दुसरा तक्ता काढला, तेव्हा कळलं की आमचा जिऱ्याचा धंदा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी आटला होता. सात गावांतल्या सात दुकानदारांनी आमच्याकडून जिरं घेणं थांबवलं होतं आणि रोज गल्ल्यावर बसणाऱ्या आम्हा बापलेकांना त्याचा पत्ता नव्हता.

हा दुसरा तक्ता म्हणजे एक्सेलमधलं पिव्हट टेबल. गेली काही वर्षं मी ते दुकानासाठी वापरतो आहे. त्यात काय चुकलं, काय हाती लागलं आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नये, ते माझ्यासारख्या छोट्या ठोक व्यापाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

आमचं दुकान मसाल्याचं. जिरं, धने, हळद, मिरची, मोहरी, खोबरं, खसखस. दोन खोल्यांची जागा, एक मुनीमजी, दोन हमाल. माल जातो उमरेड, काटोल, रामटेक, भंडारा या बाजूंना आणि मध्य प्रदेशातल्या शिवनी-छिंदवाड्याकडे. गिऱ्हाईक म्हणजे गावोगावचे चिल्लर किराणा दुकानदार आणि नागपुरातली काही सावजी भोजनालयं. ऑर्डर कधी फोनवर येते, कधी व्हॉट्सॲपवर, कधी गाडीवाल्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर. कोण काय नेतो, किती नेतो, हे सगळं बाबांच्या डोक्यात असायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दुकानात कॉम्प्युटर आला. बिलं एका सॉफ्टवेअरमध्ये बनू लागली आणि ऑर्डरींची नोंद मी एक्सेलच्या एका शीटमध्ये ठेवू लागलो.

ती पहिली शीट वर्षभर मन लावून भरली आणि ती जवळजवळ निरुपयोगी निघाली. २०१८ मध्ये ओळखीच्या सीएंकडे काम शिकणारा एक मुलगा कागद न्यायला दुकानात आला होता. मी त्याला शीट दाखवली आणि विचारलं, कोणता माल कोणाला किती गेला ते यातून निघेल का? त्यानं एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "जिरा १ कट्टा, धने १ कट्टा, हळद १० किलो", आणि पुढे एकच रक्कम. "भाऊ, यातून काहीच निघणार नाही," तो म्हणाला. "एका ओळीत एकच माल लिहा. बिलात तीन माल असतील तर तीन ओळी. तारीख, बिल नंबर, पार्टी, गाव, सगळं तिन्ही ओळींत पुन्हा लिहा."

पुन्हा पुन्हा तेच लिहायचं हे मुनीमजींना पटेना. वहीत वरच्या ओळीतलं नाव खाली पुन्हा कोणी लिहीत नाही. पण पिव्हट वहीसारखं वरून खाली वाचत नाही. ते प्रत्येक ओळ सुटी उचलतं आणि आपण सांगू त्या ढिगात टाकतं. ओळीवर नाव नसेल तर ती ओळ कोणत्या ढिगात टाकायची, हे त्याला कळायला मार्ग नाही. शेवटी आमच्या ओळी अशा दिसू लागल्या:

```
Date        BillNo  Party  Town   Item     Kg  Rate  Amount
05-07-2018  412     U03    Umred  JEERA    30  195   5850
05-07-2018  412     U03    Umred  DHANIYA  40   65   2600
05-07-2018  412     U03    Umred  HALDI    10   95    950
```

वर एकच मथळ्याची ओळ. मध्ये रिकामी ओळ नाही, जोडलेले रकाने नाहीत, महिनाअखेरची बेरीज नाही. बेरजेची ओळ मध्ये राहिली तर पिव्हट तिलाही विक्री समजतं आणि महिना दुप्पट दिसतो. Kg मध्ये फक्त आकडा. "30 kg" असं लिहिलं की तो एक्सेलच्या लेखी शब्द होतो, आणि शब्दाची बेरीज शून्य. Amount मध्ये जीएसटी धरायचा नाही, कारण तो आपला नाही. परत आलेला माल वेगळ्या ओळीवर, किलो आणि रक्कम दोन्ही उणे करून.

पहिलं पिव्हट बनवलं तेव्हा आमचा सगळ्यात मोठा ग्राहक कोण निघाला? दोन टिंबांची खूण. मुनीमजी वहीच्या सवयीनं दुसऱ्या ओळीपासून पार्टीच्या नावाखाली " अशी खूण टाकत होते. कॉम्प्युटरनं त्या खुणेलाच एक पार्टी मानलं. ती यादी बघितल्यावर मुनीमजींनी स्वतः बसून सगळी नावं भरली. तीन दिवस लागले. त्या दिवसांनंतर त्यांनी अशी खूण पुन्हा कधी टाकली नाही.

दुसरी अडचण नावांची. आमच्या बाजारात मराठी, हिंदी आणि मारवाडी एकाच वाक्यात चालतात. तोच माल कोणी Jira लिहितो, कोणी Jeera, कोणी Zeera. पिव्हटमध्ये हे तीन माल झाले. उमरेडच्या एका दुकानदाराचं नाव चार तऱ्हांनी पडलं होतं. त्यातल्या दोन तऱ्हा तर डोळ्यांना सारख्याच दिसत होत्या. फरक इतकाच की एका नावाच्या शेवटी एक जागा सुटली होती. अशी सुटलेली जागा `=TRIM(C2)` या सूत्रानं जाते. पण स्पेलिंग सूत्रानं सुधारत नाही. त्यासाठी मी वेगळ्या पानावर दोन याद्या केल्या. एक मालाची, पस्तीस नावांची. दुसरी पार्ट्यांची, प्रत्येकाला छोटा कोड: उमरेडचे U01, U02, काटोलचे K01, K02. मग `Data Validation` मध्ये `List` निवडून Item आणि Party या रकान्यांना त्या याद्या जोडल्या. आता यादीत नसलेलं नाव टाइपच होत नाही. नवी पार्टी आली की आधी यादीत, मग शीटमध्ये. या एका कामानं वर्षभराची दुरुस्ती वाचली.

तिसरी अडचण तारखांची होती आणि ती सगळ्यात फसवी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी महिनावार तक्ता काढायला गेलो, तर `Cannot group that selection` असा संदेश आला. कारण शोधताना आधी शीट तारखेप्रमाणे लावली. त्यात डिसेंबर २०१८ मधल्या विक्रीच्या ओळी होत्या. डिसेंबर अजून उजाडायचा होता. कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकी होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आम्ही 12/07/2018 लिहिलं, १२ जुलै म्हणून. त्यानं ते ७ डिसेंबर समजून ठेवलं. आणि 13/07/2018 लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ते नुसता मजकूर म्हणून ठेवलं. त्या मजकुरामुळेच महिने जुळत नव्हते. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांच्या बहुतेक तारखा उलटल्या होत्या आणि उरलेल्या तारखा तारखाच नव्हत्या.

हे ओळखायची सोपी खूण आहे. रकान्याला काही सजावट केलेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. विंडोजच्या `Region` मध्ये `English (India)` केलं आणि उलटलेल्या तारखा बिलबुकं समोर ठेवून हातानं सुधारल्या. तेव्हापासून तारीख 05-Jul-2018 अशी दिसेल अशी सजावट ठेवली आहे. महिना अक्षरांत असला की चूक लपत नाही.

एवढं झाल्यावर पिव्हट बनवणं पाच मिनिटांचं काम आहे. शीटमधल्या कोणत्याही रकान्यात उभं राहून Ctrl+T दाबलं की ती शीट टेबल होते. त्याचा फायदा असा की खाली नवी ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढतं आणि पिव्हटला ती ओळ मिळते. मी आधी हे न करता ठरावीक ओळींवर पिव्हट बांधलं होतं. त्यामुळे एकदा दोन आठवड्यांची बिलं तक्त्याबाहेर राहिली आणि मला पत्ता लागला नाही. टेबल असलं तरी आमच्या एक्सेलमध्ये नवी नोंद आपणहून तक्त्यात दिसत नाही. `Refresh` करावंच लागतं. मी तक्ता उघडला की पहिलं काम तेच करतो.

मग `Insert` मध्ये `PivotTable`. नवं पान उघडतं, उजवीकडे आपल्या मथळ्यांची यादी दिसते आणि खाली चार चौकोन. त्यातले तीन रोजच्या कामाचे. `Rows` मध्ये जे टाकू ते डावीकडे खाली खाली येतं, `Columns` मध्ये टाकू ते वर आडवं पसरतं, आणि `Values` मध्ये टाकू त्याची बेरीज मधल्या घरांत येते. Item खाली, Date आडवी, Amount मध्ये: झाला मालवार-महिनावार तक्ता. Item काढून Party ओढली की तोच तक्ता ग्राहकवार होतो. नव्या एक्सेलमध्ये तारीख टाकताच महिने आपोआप बनतात. जुन्यात तारखेवर उजवी टिचकी मारून `Group` करावं लागतं. तिथे `Months` बरोबर `Years` निवडायला विसरू नये. नुसते महिने निवडले तर २०२२ चा एप्रिल आणि २०२३ चा एप्रिल एकाच ढिगात पडतात.

आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि एक्सेलचं जानेवारीला. म्हणून मी शीटमध्ये आणखी एक रकाना ठेवला, FY नावाचा. त्यात एवढंच सूत्र आहे:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

जानेवारी ते मार्चच्या तारखांना ते एक वर्ष मागे नेतं. फेब्रुवारी २०२४ ची ओळ २०२३ मध्ये जाते, म्हणजे २०२३-२४ या वर्षात.

आता जिऱ्याकडे येतो. त्या दिवशी बाबांनी पाहिला तो तक्ता रकमेचा होता. मी `Values` मधून Amount काढून Kg टाकलं, आणि आकडे उलटे फिरले. २०२२ च्या सहा महिन्यांत १,८४० किलो जिरं गेलं होतं, २०२३ च्या सहा महिन्यांत १,१२० किलो. रक्कम सत्तावीस टक्क्यांच्या आसपास वाढली होती आणि माल एकोणचाळीस टक्क्यांनी घटला होता. मधला फरक भावाचा. २०२३ मध्ये गुजरातच्या ऊंझ्याच्या बाजारात जिरं क्विंटलला पन्नास हजारांच्याही वर गेलं. आमचा विक्रीचा भाव सरासरी २५० रुपयांवरून ५२० रुपयांवर गेला होता. भाव दुप्पट झाला होता, म्हणून घटलेला माल रकमेत दिसत नव्हता. आम्ही भाववाढीलाच धंद्याची वाढ समजत होतो.

महाग झालं म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं कमी घेतलं असेल, असं मला वाटलं. बाबाही तेच म्हणाले. बघू म्हणून मी Item ची गाळणी फक्त जिऱ्यावर ठेवली, `Rows` मध्ये Party टाकली, `Columns` मध्ये वर्ष आणि महिना. मोठ्या पार्ट्यांचं खरंच तसं होतं. थोडी थोडी कपात मिळून ३०० किलो. पण घट ७२० किलोंची होती. उरलेले ४२० किलो कुठे गेले?

ते सात ओळींत होते. या सात पार्ट्या २०२२ मध्ये दर दोन महिन्यांनी एक कट्टा नेत होत्या. आमचा जिऱ्याचा कट्टा ३० किलोचा. सहा महिन्यांत तीन कट्टे, म्हणजे प्रत्येकी ९० किलो, सातांचे मिळून ६३०. २०२३ मध्ये प्रत्येकानं एप्रिलमध्ये एक कट्टा नेला होता, एकूण २१० किलो, आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत घरं रिकामी. शून्यही नाही, नुसती कोरी. मी इतकी वर्षं तक्त्यात आकडे शोधत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कोऱ्या जागा वाचल्या.

पिव्हटमधल्या कोणत्याही आकड्यावर दोनदा टिचकी मारली की तो आकडा ज्या ओळींतून आला त्या सगळ्या ओळी नव्या पानावर उघडतात. मी ते प्रत्येक पार्टीसाठी केलं, कारण बाबांना कॉम्प्युटरच्या बेरजेवर विश्वास नव्हता. बिल नंबर समोर आले, बिलबुकांशी ताडून पाहिले, आकडे खरे होते. मग गाळणीतून जिरं काढून त्याच पार्ट्यांचे सगळे माल पाहिले. त्यांचे धने चालू होते, हळद चालू होती, मिरची चालू होती. म्हणजे ते आमच्याशी तुटले नव्हते. फक्त जिरं दुसरीकडून घेत होते.

मी भंडाऱ्याकडच्या त्यांतल्या एकाला फोन केला. माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. ते म्हणाले, "भाऊ, पंधरा हजाराचा कट्टा घेऊन मी काय करू? माझ्या गावात जिरा पन्नास-पन्नास ग्रामनं विकल्या जाते. एवढे पैसे एका पोत्यात कसे अडकवू? इथे एक जण दहा किलो देऊन राहिला, त्याच्याकडून घेतो."

हिशेब साधा होता. कट्टा २५० च्या भावानं साडेसात हजारांचा होता, ५२० च्या भावानं १५ हजार ६०० चा झाला. मोठ्या दुकानाला ते झेपत होतं. गावातल्या दुकानदाराचं महिन्याचं भांडवलच त्यात अडकत होतं. आम्ही भाव वाढवला, पण पोतं तेवढंच ठेवलं. कट्टा फोडून द्यायचा नाही हा आमचा जुना नियम. फोडला की तोलताना तूट येते आणि हमालाचं काम वाढतं. तो नियम २५० च्या भावात शहाणपणाचा होता. भाव दुप्पट झाला तेव्हा तो बदलायला हवा होता, आणि तो बदलायची गरज आहे हे आम्हाला कोणी येऊन सांगणार नव्हतं. गिऱ्हाईक जाताना भांडून जात नाही. पुढची ऑर्डर देताना तो एक नाव कमी सांगतो, बस.

दसऱ्यापासून आम्ही दहा किलोच्या पिशव्या भरायला लागलो. किलोमागे चार रुपये जास्त घेतले, तूट आणि पिशवी धरून. सातांपैकी चार जण दिवाळीपर्यंत परत आले. तिघे आले नाहीत. त्यांची घडी दुसरीकडे बसली होती, आणि सहा महिने उशीर झाल्याची ती किंमत होती.

याच कामात एक तांत्रिक चूक माझ्या हातून झाली होती, ती सांगतो, कारण ती पुष्कळ जण करतात. सरासरी भाव काढायला मी आधी `Values` मध्ये Rate टाकून `Average` केलं होतं. ते चुकीचं आहे. समजा एका ओळीत ३० किलो ५१० नं गेलं आणि दुसऱ्या ओळीत २ किलो ५८० नं. `Average` सांगेल ५४५. पण ३२ किलोंचे पैसे आले १६,४६०, म्हणजे खरा भाव साडेपाचशेच्या जवळ नाही, सव्वापाचशेच्याही खाली, ५१४ च्या थोडा वर आहे. `Average` दोन किलोंच्या ओळीला तीस किलोंच्या ओळीइतकंच वजन देतं. बरोबर रीत अशी: `PivotTable Analyze` मध्ये `Fields, Items & Sets`, त्यात `Calculated Field`, आणि सूत्र:

```
= Amount / Kg
```

हे सूत्र आधी दोन्हींची बेरीज करतं आणि मग भागतं, म्हणून खरा भाव मिळतो. पण याच कारणानं तिथे `= Rate * Kg` असं कधी लिहू नये. ते सगळ्या भावांची बेरीज गुणिले सगळ्या किलोंची बेरीज करतं आणि आकडा भलताच फुगतो. गुणाकार शीटमध्ये ओळीवरच करावा, भागाकार पिव्हटमध्ये.

कोऱ्या घरांचा धडा मिळाल्यावर मी काही दिवस प्रत्येक कोऱ्या घराला घाबरू लागलो. तेही बरोबर नव्हतं. दोन महिन्यांनी एकदा घेणाऱ्याचा एक महिना कोरा असणारच. आता मी प्रत्येक पार्टीचं आधीच्या वर्षाचं अंतर बघतो, आणि तिच्या नेहमीच्या अंतराच्या दुप्पट काळ घर कोरं राहिलं तरच फोन करतो. शिवाय पिव्हट इंग्रजी महिने मोजतं आणि आमचा बाजार सणांवर चालतो. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला, तर खोबरं आणि खसखस निम्म्यावर आल्यासारखी दिसली. मी पुढची मागणी कमी करायला निघालो होतो. बाबांनी थांबवलं. "दिवाळी कधीची आहे ते तर पाह्य," ते म्हणाले. नोव्हेंबर संपल्यावर दोन्ही महिने एकत्र धरले तेव्हा खोबऱ्याची विक्री आदल्या वर्षीइतकीच निघाली. जिऱ्याच्या वेळी तक्ता बरोबर होता आणि आमची समजूत चूक होती. खोबऱ्याच्या वेळी तक्ता वाचण्यात माझी चूक होती आणि बाबांची समज बरोबर. सणाच्या मालासाठी मी आता ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्रच बघतो.

या तक्त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. त्यात नफा नाही. खरेदीचा भाव ओळीवर लिहिलेला नसेल तर सगळ्यात जास्त विकला जाणारा माल सगळ्यात कमी कमावणारा असू शकतो, आणि पिव्हट ते सांगणार नाही. त्यात उधारी नाही. आमच्या यादीत वरून दुसरी असलेली एक पार्टी नव्वद दिवस पैसे देत नव्हती. विक्रीच्या तक्त्यात ती उत्तम गिऱ्हाईक दिसत होती. वसुलीचा हिशेब वेगळाच ठेवावा लागतो आणि तो शेजारी ठेवूनच ग्राहकवार तक्ता वाचावा लागतो.

आणि एक ताळा कधीही चुकवू नये. महिना संपला की पिव्हटमधली एकूण बेरीज बिलाच्या सॉफ्टवेअरमधल्या विक्रीशी जुळवावी, करापूर्वीच्या रकमेशी. शीटच्या खाली बेरीज मारून तिच्याशी जुळवलं तर उपयोग नाही, कारण शब्द होऊन पडलेला आकडा ती बेरीजही सोडून देते आणि दोन चुका एकमेकींशी छान जुळतात. ताळा नेहमी दुसऱ्या ठिकाणी लिहिलेल्या आकड्याशी घ्यावा. आमच्याकडे पाच रुपयांचा फरक राहिला तरी मुनीमजी तो सापडेपर्यंत उठत नाहीत, आणि आता ते स्वतःच टिचकी मारून ओळी उघडतात.

ज्यांच्याकडे ऑर्डरींची शीट आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. या महिन्यात एकदा आपल्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या मालाचा तक्ता रकमेत काढा, मग तोच किलोत काढा, आणि मग पार्टीवार काढून कोऱ्या घरांची यादी करा. त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करा. आमच्या यादीत सात नावं होती. फोन एप्रिलनंतर लगेच केला असता, तर सातही जण कदाचित आजही आमच्याकडूनच जिरं नेत असते.